मिसळीचा फोटो नीट यायला काय लागतं: छोट्या कॅफेसाठी मोबाईल, शटरचा उजेड आणि एक पांढरा पुठ्ठा

मेन्यूसाठी फोटो काढायला बसलं की सगळ्यात जास्त त्रास देणारा पदार्थ म्हणजे मिसळ, हे माझं ठाम मत आहे. सँडविच, पास्ता, कोल्ड कॉफी कसंही काढलं तरी निदान काय आहे ते कळतं. मिसळीचं तसं नाही, समोर वाटी बघितली की तोंडाला पाणी सुटतं आणि तीच मोबाईलवर बघितली तर वर तेलाचा पांढरा चट्टा, खाली तपकिरी गोळा आणि बाजूला आजारी दिसणारा पिवळट ब्रेड. कोल्हापुरात कॅफे चालवायचा आणि मेन्यूवर मिसळीचा असला फोटो लावायचा हे काय पटत नाही बघा.

म्हणून इथं मी एकच पदार्थ घेतोय, मिसळ, आणि ती पहिल्यापासून छपाईपर्यंत कशी न्यायची ते सांगतोय. कट जमला की बाकीच्या पदार्थांना फक्त थोडे बदल लागतात, ते शेवटी सांगतो. कॅमेरा लागत नाही, साधा बरा मोबाईल चालतो, बाकी सामान स्टेशनरीच्या दुकानात मिळतं.

उदाहरणाला राजारामपुरीतल्या एका गल्लीतला छोटा कॅफे घेऊ. पाच-सहा टेबलं, पूर्वेला तोंड असलेलं शटर, आत एकपण खिडकी नाही, छताला दोन एलईडी ट्यूब आणि एक भिंत पोपटी रंगाची. वहिनी किचन बघतात आणि त्यांचा भाचा काउंटर आणि इन्स्टाग्राम दोन्ही सांभाळतो. मेन्यूकार्ड नवीन छापायचं होतं म्हणून फोटो पाहिजे होते. तुमच्यापैकी बऱ्याच जणांची जागा साधारण अशीच असणार म्हणून हीच घेतली.

आधी हे समजून घ्या, कट म्हणजे आरसा

कटावर तेलाचा तवंग असतो आणि तो सपाट आणि चकचकीत असतो, म्हणजे तो आरशासारखं काम करतो. वरच्या ट्यूबचं प्रतिबिंब त्याच्यात पडलं की लांबडी पांढरी रेघ दिसते, मोबाईलचा फ्लॅश मारला तर मधोमध पांढरा ठिपका दिसतो, आणि काहीच उजळ प्रतिबिंब नसेल तर कट मेलेला दिसतो, सुकलेल्या रंगासारखा. स्टीलची वाटी आणि ताटली याचीपण तीच गोष्ट, त्यात तर तुमचा शर्ट, भिंतीचा रंग, छताचा पंखा सगळं दिसतं.

म्हणजे मिसळीचा फोटो काढताना खरा प्रश्न असा असतो की या आरशात काय दिसायला पाहिजे. मला पाहिजे असतो एका कडेला मऊ, पसरलेला पांढरा उजेड, तोपण वाटीच्या साधारण पाव भागावर, आणि उरलेल्या पाऊण भागात कटाचा खरा लाल रंग. चमक पूर्ण घालवायची नाही, कारण ती थोडी चमक आहे म्हणूनच बघणाऱ्याला ते पातळ, गरम आणि तर्रीदार वाटतं.

ट्यूब बंद करा, हे पहिलं काम

भाच्यानं जे आधी फोटो काढले होते ते सगळे ट्यूब चालू ठेवून आणि शटर उघडं ठेवून. यात दोन भानगडी होतात. एक म्हणजे दोन वेगळ्या रंगाचे उजेड मिसळतात. बाहेरचा उजेड एका रंगाचा, ट्यूबचा दुसऱ्या रंगाचा, आपल्या डोळ्याला ते जाणवत नाही पण फोनला एकच रंग धरून फोटो दुरुस्त करावा लागतो, मग ब्रेड एका बाजूला निळसर आणि दुसऱ्या बाजूला पिवळा येतो आणि ते नंतर एडिट करूनपण नीट सुटत नाही. दुसरं म्हणजे स्वस्त एलईडीच्या उजेडात गडद लाल रंगाचा भाग कमी असतो. त्यामुळं त्याच्याखाली कट विटकरी, तपकिरी दिसतो. मसाला कितीपण चांगला असू दे, उजेडातच लाल कमी आहे तर फोटोत येणार कुठून. एखादा एलईडी विकत घ्यायचा झालाच तर खोक्यावर सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, किती लिहिलाय ते बघा, 90 किंवा वर असला तरच घ्या.

म्हणून ट्यूब बंद, काउंटरचा पिवळा बल्ब बंद, साइनबोर्डचा लाइटपण बंद. फक्त शटरमधून येणारा दिवसाचा उजेड. तो पुरतो का असं वहिनींनी विचारलं, तर हो, भरपूर पुरतो, फक्त टेबल कुठं ठेवायचं ते कळलं पाहिजे.

टेबल कुठं आणि किती वाजता

पूर्वेच्या शटरमधून सकाळी सरळ ऊन आत येतं. ते उन्हाचे पट्टे फोटोला नको, त्यात शेवेच्या काड्यांच्या काळ्या कुळकुळीत सावल्या पडतात आणि कटावर जळजळीत पांढरा डाग येतो. साडेअकरा-बारानंतर सूर्य वर चढतो आणि ऊन दारातून बाहेर जातं, मग उरतो तो आभाळाचा आणि समोरच्या भिंतीवरून परतून येणारा उजेड, तो मऊ असतो. आपल्याला हाच पाहिजे. पश्चिमेला तोंड असेल तर उलटं, सकाळची वेळ धरा. उत्तरेची खिडकी दिवसभर चांगली, फक्त कोल्हापूर बरंच दक्षिणेला असल्यामुळं साधारण मे ते जुलै दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या थोडा उत्तरेला जातो, त्या महिन्यांत उत्तरेच्या खिडकीतपण थोडं ऊन येऊ शकतं, ते बघून घ्या.

ऊन टाळता येत नसेल तर शटरच्या किंवा खिडकीच्या तोंडाला पांढरं पातळ कापड ताणून बांधा, जुनं धोतर एकदम मस्त चालतं, किंवा बटर पेपरचे दोन-तीन तुकडे चिकटपट्टीनं जोडून लावा. कापड पूर्ण पांढरं पाहिजे, क्रीम रंगाचा पडदा लावला की सगळ्या फोटोला तोच रंग चढतो.

टेबल शटरपासून तीन-चार फूट आत ठेवा आणि शटर तुमच्या डाव्या किंवा उजव्या हाताला येईल असे उभे रहा, पाठीमागं नको. शटर पाठीमागं असेल तर उजेड समोरून पडतो, सगळं सपाट दिसतं आणि तुमचीच सावली वाटीवर पडते. मला स्वतःला आवडतं ते म्हणजे उजेड बाजूनं आणि किंचित पदार्थाच्या मागून यावा, ताटलीला घड्याळ समजलात तर आणि तुम्ही सहाच्या जागी उभे असाल तर उजेड दहाच्या बाजूनं. यात कटाच्या मागच्या कडेला ती मऊ चमक आपोआप येते आणि शेवेला, कांद्याला उठाव येतो. टेबल लई आत नेलंत तर उजेड झपाट्यानं कमी होतो आणि फोन फोटो दाणेदार काढायला लागतो, अगदी उंबऱ्यावर आणलंत तर एक बाजू झगझगीत आणि दुसरी काळी.

आता एक गोष्ट जी कोणी सांगत नाही. पावसाळ्यात आपल्याकडं दुकानापुढं निळी ताडपत्री बांधायची पद्धत आहे. तिच्यातून गाळून येणारा उजेड निळा असतो आणि त्याखाली मिसळ बघवत नाही. फोटोच्या दिवशी तासभर ताडपत्री गुंडाळून ठेवा. तसंच समोरच्या दुकानाचा मोठा लाल फ्लेक्स, शेजारी उभी असलेली पिवळी गाडी, आतली पोपटी भिंत, हे सगळे आपापला रंग पदार्थावर टाकतात.

हे ओळखायचं कसं? एक स्वच्छ, चकचकीत स्टीलची वाटी उलटी करून जिथं मिसळ ठेवणार तिथं ठेवा आणि तिच्यात बघा. आजूबाजूचा सगळा उजेड तिच्यात दिसतो, शटर कुठं आहे, कुठली ट्यूब चालू राहिली, पोपटी भिंत किती मोठी दिसतेय, सगळं. वहिनींच्या इथं वाटीचा अर्धा भाग पोपटी दिसत होता, म्हणजे ब्रेडपण पोपटीच येणार. भिंत रंगवायची गरज नाही, टेबल आणि भिंतीच्या मध्ये पांढरा पुठ्ठा उभा केला, झालं काम.

पांढरा पुठ्ठा

स्टेशनरीत मिळणारा पांढरा ड्रॉइंग शीट जुन्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर चिकटवा, साधारण दोन फूट बाय दीड फूट. हा शटरच्या बरोबर समोरच्या बाजूला, ताटलीपासून एक वीतभर अंतरावर उभा करायचा, मागं पाण्याची बाटली टेकवली की उभा रहातो. शटरचा उजेड त्याच्यावर आदळून परत येतो आणि सावलीची बाजू उघडते, मटकी दिसायला लागते. पुठ्ठा जवळ आणला की सावली कमी, लांब नेला की जास्त. सावली पूर्ण घालवू नका, थोडी राहिली की वाटीला खोली येते.

याच पुठ्ठ्याचं दुसरं काम म्हणजे स्टीलमध्ये प्रतिबिंब म्हणून दिसणं. वाटीच्या बाहेरच्या अंगाला काळं छत किंवा तुमचा रंगीत शर्ट दिसत असेल तर पुठ्ठा अशा कोनात फिरवा की त्या जागी पांढरं दिसेल. फोटो काढणाऱ्यानं शक्यतो काळा किंवा करडा साधा शर्ट घालावा, लाल टीशर्ट घालून स्टीलच्या ताटलीवर वाकलात तर ताटली गुलाबी होते.

मिसळ लावायची कशी

फोटोची मिसळ आणि गिऱ्हाइकाची मिसळ साहित्यानं आणि मापानं एकच पाहिजे, यावर माझी तडजोड नाही. वाटीत खाली उलटी वाटी ठेवून मिसळ ढीगभर दाखवायची, तेलाऐवजी भलतंच काहीतरी ओतायचं, असले प्रकार जाहिरातवाले करतात, तुम्ही करू नका. गिऱ्हाईक फोटो बघून मागवतं आणि समोर वेगळं आलं की ते परत येत नाही, शिवाय दिशाभूल करणारी जाहिरात 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बसत नाही. आपण फक्त क्रम आणि वेळ बदलणार आहोत.

भांडं निवडताना उथळ आणि पसरट वाटी घ्या. खोल वाटीत मिसळ खाली बसते, काठाची सावली तिच्यावर पडते आणि फोटोत नुसता काठच दिसतो. तेवढंच माप पसरट वाटीत काठाच्या बोटभर खाली येतं आणि भरलेलं वाटतं. स्टील ठेवायचं की मातीचं की पांढरं सिरॅमिक, हे तुम्ही कशात वाढता त्यावर ठरवा. वहिनी स्टीलमध्ये वाढतात तर स्टीलच ठेवलं.

आता लावायचा क्रम. मटकीची उसळ झाऱ्यानं निथळून वाटीत घालायची आणि मध्ये थोडी उंच ठेवायची. उसळीतलं पाणी तसंच घातलं तर नंतर कट फिका पडतो. मग कट. भांड्यातला कट शांत राहिला की तवंग सगळा वर येतो, आणि वरवरचा पळीनं घेतला तर वाटीत नुसतं तेल जातं आणि फोटोत एकसारखा लाल थर दिसतो, त्यात मसाला, वाटण काही दिसत नाही. म्हणून आधी तवंगातलं चमचाभर तेल वाटीत बाजूला काढून ठेवा, मग कट खालपासून ढवळून पळीनं वाटीच्या कडेनं सोडा, उसळीच्या टोकावरून नाही. मधली मटकी थोडी उघडी राहिली पाहिजे. बाजूला काढलेलं तेल चमच्यानं थेंब थेंब उजेडाच्या बाजूच्या कडेला सोडा. त्या थेंबांच्या कडा दिसल्या की फोटो जिवंत होतो.

शेव-फरसाण सगळ्यात शेवटी, अगदी बटण दाबायच्या आधी. कटाला लागलं की दोन-तीन मिनिटांत ते नरम पडतं, रंग गडद होतो आणि बसतं. तेपण मधोमध गोळा करून नको, एका बाजूला झुकलेलं, की एकीकडं फरसाण, एकीकडं कट आणि मधून डोकावणारी मटकी, असं तीन वेगळ्या गोष्टी दिसल्या पाहिजेत. मिसळीचा फोटो फसतो तो बहुतेक याच ठिकाणी, सगळं मिसळलेलं दिसतं. खाताना मिसळायचीच आहे, फोटोत वेगळी दिसू दे.

कांदा बारीक आणि एकसारखा चिरून थंड पाण्यात ठेवा, लावायच्या आधी निथळून कापडावर कोरडा करा, पाणी राहिलं तर कटावर फिकट डाग पडतात. कोथिंबीर चिरलेली नको, ती काळी पडते आणि गवताच्या चुऱ्यासारखी दिसते, दोन-तीन अख्खी पानं पुरतात. लिंबाची फोड ताजी कापा, बिया काढा, कापलेली बाजू उजेडाकडं करा, तिच्यातून उजेड आरपार गेला की छान दिसतं.

ब्रेडचे जाड स्लाइस ताटलीत एकावर एक सपाट ठेवू नका, थोडे सरकवून ठेवा म्हणजे कडा दिसतात. ब्रेड वाटीच्या सावलीच्या बाजूला ठेवला तर तो स्वतःच पांढऱ्या पुठ्ठ्याचं काम करतो, हे मला फार आवडतं, कारण वेगळं काही ठेवावंच लागत नाही.

आजूबाजूला कमी ठेवा. एक चमचा, कांदा-लिंबाची छोटी ताटली, हवी तर कटाची वेगळी वाटी. कोल्हापूर दाखवायचं म्हणून ताटाशेजारी कोल्हापुरी चप्पल ठेवलेले फोटो दिसतात, अन्नाशेजारी चप्पल नको, एवढं तरी पाळा. टेबलावर सनमायका चकचकीत असेल तर तोपण आरसा होतो, त्याऐवजी शहाबादी फरशीचा तुकडा किंवा कडाप्प्याची पॉलिश नसलेली बाजू वापरा, लाल रंग करड्या दगडावर छान उठतो.

दोन ताटल्या करा

सगळी जुळवाजुळव गरम मिसळीवर करू नका. आधी एक डमी ताटली, त्यात सकाळची उरलेली उसळ, गार कट, शिळं फरसाण चालेल. तिच्यावर टेबलाची जागा, पुठ्ठ्याचा कोन, फोनची उंची सगळं ठरवा, टेबलावर ताटलीच्या कडेला चिकटपट्टीची खूण करा. मग किचनमधून खरी वाटी मागवा, खुणेवर ठेवा, फरसाण घाला आणि काढा. गार झाला की तवंग घट्ट होतो आणि त्याची चमक जाते, म्हणून तुमच्या हातात चार-पाच मिनिटंच असतात असं धरून चाला. किचन आणि फोटो काढणारा यांच्यात हे बोलणं आधीच झालेलं असू दे, वहिनी फरसाणाची वाटी हातात घेऊन शेजारीच उभ्या होत्या.

फोनमध्ये काय करायचं

लेन्स पुसा. किचनमधल्या फोनवर तेलाचा हात लागलेला असतो आणि त्यानं सगळा फोटो धुरकट येतो. गरम वाटीवर फोन खाली नेलात तर वाफेनंपण लेन्स धुकटते, मध्ये मध्ये सुती कापडानं पुसत रहा.

फोन वाटीजवळ नेऊन काढू नका, जवळचा काठ फुगून मोठा दिसतो. दीड-दोन फूट मागं या आणि 2x वर काढा. सगळ्यात रुंद दिसणारी 0.5x लेन्स पदार्थाला वापरूच नका. पोर्ट्रेट मोडपण नको, तो शेवेच्या काड्या आणि चमच्याची कड चुकीच्या ठिकाणी पुसून टाकतो.

कोन किती? एकदम वरून काढलं तर फरसाण-कटाची रचना दिसते पण तवंगात छत आणि तुमचा हात दिसण्याची शक्यता जास्त. समोरून काढलं तर नुसती वाटीची भिंत. मिसळीला मला टेबलापासून साधारण 45 अंशाचा कोन बरा वाटतो, खुर्चीवर बसून खाणाऱ्याला दिसते तेवढी. आता फोन हातात धरून हळूहळू वर-खाली करा आणि फक्त कटावरच्या चमकेकडं बघा. दोन-तीन इंच हलवलं तरी ती चमक सरकते, मोठी होते, लहान होते. ती मागच्या कडेला पातळ झाली की तिथं थांबा. हे सगळ्यात महत्त्वाचं मिनिट आहे, घाई करू नका. एवढं करूनपण चमक आवरत नसेल तर मोबाईलला लावायचा क्लिपवाला पोलरायझर फिल्टर मिळतो, तो फिरवला की तेलावरची चमक कमी होते, पण स्टीलवरची होत नाही, धातूवर त्याचा तसा उपयोग नाही.

मग स्क्रीनवर फरसाण आणि कट जिथं भेटतात तिथं बोट दाबून धरा, फोकस आणि उजेड लॉक होतो. आता बोट खाली सरकवून उजेड थोडा कमी करा. कारण असं की मिसळ गडद असते आणि फोन गडद गोष्ट बघितली की तिला उजळ करायला जातो, त्यात लाल रंग आधी फुटतो आणि कटाचा नारिंगी सपाट रंग होतो. फोटो काढून लगेच झूम करून बघा. तेलाचे थेंब सुटे दिसतात का? कटात मसाल्याचे कण दिसतात का? नसतील तर उजेड आणखी थोडा कमी करा. ब्रेड मात्र राखाडी दिसायला लागला तर जास्तच कमी झालाय, तेव्हा उजेड न वाढवता पुठ्ठा ब्रेडच्या जवळ आणा.

ठळक, चमकदार रंगाचा मोड असेल तर बंद. फ्लॅश कायमचा बंद.

वहिनींच्या मिसळीचं शेवटी असं झालं: दुपारचे बारा, टेबल दारापासून साडेतीन फुटावर, शटर डावीकडं आणि किंचित पुढं, उजवीकडं पांढरा पुठ्ठा ज्यानं पोपटी भिंतपण झाकली, खाली शहाबादी, फोन 2x वर. आधीच्या फोटोतला ट्यूबचा पट्टा गेला, मटकी मोजता येईल इतकी सुटी दिसायला लागली आणि कटाचा रंग भांड्यात आहे तसाच आला. भाचा म्हणाला, "मामी, ही आपलीच मिसळ आहे का?" तर तीच होती, मसाला तोच.

संध्याकाळी काढायचंच असेल तर

शक्यतो काढू नका. दुपारी सामसूम असते तेव्हाच सगळा मेन्यू उरकून घ्या. पण रील किंवा आजचा स्पेशल संध्याकाळीच टाकायचा असेल तर छताच्या ट्यूब बंद करून एकच चांगला एलईडी बाजूला, ताटलीपासून दोन-अडीच फुटावर ठेवा आणि त्याच्यासमोर लाकडी चौकटीवर ताणलेला बटर पेपर उभा करा, म्हणजे कटात बल्बचा ठिपका न दिसता पेपरचा मोठा पांढरा चौकोन दिसेल. व्हिडिओत काळे पट्टे वर-खाली सरकताना दिसले तर ते एलईडीच्या लुकलुकण्याचे आहेत, आपल्याकडं वीज 50 हर्ट्झची असल्यानं फोनच्या प्रो मोडमध्ये कॅमेऱ्याचं शटर स्पीड 1/50 किंवा 1/100 ठेवलं की बहुतेक वेळा जातात.

तांबडा-पांढरा आणि कोल्ड कॉफी

तांबडा आणि पांढरा शेजारी ठेवला की फोन गोंधळतो, एक गडद आणि एक पांढरा. बोट पांढऱ्यावर दाबून लॉक करा आणि त्याचा पृष्ठभाग, त्यावरचे बारीक तेलाचे ठिपके दिसतील एवढाच उजेड ठेवा. पांढरा एकदा पूर्ण पांढराफटक झाला की त्यातलं परत काही काढता येत नाही, तांबडा थोडा गडद राहिला तर एडिटमध्ये उचलता येतो. पांढऱ्याची वाटी दारापासून लांब आणि तांबड्याची दाराकडं ठेवली की अर्धा प्रश्न तिथंच सुटतो. एकटाच पांढरा रस्सा काढताना मात्र उलटं, उजेड थोडा वाढवा, नाहीतर तो राखाडी येतो.

वाफ दाखवायची असेल तर उजेड मागून आणि मागं गडद काहीतरी पाहिजे, काळं कापड टांगा. पांढऱ्या भिंतीपुढं वाफ दिसतच नाही.

कोल्ड कॉफीला कोन बदला, फोन ग्लासच्या उंचीला आणा आणि दार ग्लासच्या मागं एका बाजूला ठेवा, ग्लासच्या मागं ग्लासपेक्षा लहान कापलेला पांढरा कागद लपवून ठेवला की त्यावरून उजेड फिरून येतो आणि कॉफीचे थर, चॉकलेटच्या रेषा उठून दिसतात. चॉकलेट सॉस ग्लास आधी थंड करून मग लावा, गरम ग्लासवर तो ओघळतो.

एडिट, इन्स्टाग्राम आणि छपाई

एडिटमध्ये फार काही करायचं नाही. आधी ब्रेड किंवा कांदा पांढरा दिसेल इतका रंगाचा तोल सावरा, मग सावल्या थोड्या उचला, बस. सॅच्युरेशन वाढवायचा मोह सोडा, लाल आधीच भरपूर आहे, वाढवलं की तो गुलालासारखा दिसतो आणि मसाल्याचे कण परत गायब.

काढताना चारी बाजूंनी थोडी मोकळी जागा ठेवा, कारण एकच फोटो तुम्हाला दोन-तीन मापात लागणार. इन्स्टाग्राम पोस्टला 4:5, म्हणजे 1080 बाय 1350, स्टोरीला 9:16, आणि मेन्यूत डिझायनर त्याला पाहिजे तसा कापणार.

छपाईला फोटो देताना व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवू नका, तो दाबला जातो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साधारण हिशोब असा की छापताना दर इंचाला 300 पिक्सेल लागतात, म्हणजे मेन्यूत मिसळ चार इंच रुंद छापायची तर फोटो किमान 1200 पिक्सेल रुंद पाहिजे. आणि स्क्रीनवरचा भडक लाल-नारिंगी छपाईच्या शाईत तसाच येत नाही, थोडा मंद येतो, ते प्रेसवाल्याची चूक नसते. म्हणून सगळ्या प्रती काढायच्या आधी एक पान त्याच कागदावर छापून मागा, लॅमिनेशन करणार असाल तर ते करून, आणि ते कॅफेत आणून तुमच्याच ट्यूबखाली बघा, कारण गिऱ्हाईक तो मेन्यू तिथंच बघणार आहे. तिथं कट तपकिरी वाटला तर फोटो किंचित उजळ करून परत एक पान काढायला सांगा.